कफाचा खोकला की कोरडा? बाटली घेण्याआधी ओळखा

मैत्रिणींनो, घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहणाऱ्या आपल्या एका ताईंना खोकल्याबरोबर कफ पडत होता. शेजारणीच्या घरात उरलेलं सिरप त्यांनी घेतलं. रात्री झोप लागली, पण सकाळी छाती जड आणि श्वासाला घरघर. बाटलीवर नाव होतं 'डेक्स्ट्रोमेथॉर्फन', म्हणजे खोकला दाबणारं औषध. ते कोरड्या खोकल्याचं. कफ बाहेर काढायला शरीर खोकतं; तोच दाबला तर कफ आतच राहतो.

कोरड्या खोकल्यात घसा खवखवतो, ढास लागते, पण बाहेर काही पडत नाही. सर्दी-तापानंतर तो दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. बांधकामाची धूळ, चुलीचा किंवा कचऱ्याचा धूर, दमा यांनीही होतो. बीपीची गोळी सुरू झाल्यावर ढास लागली, तर गोळीच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' आहे का ते बघा (एनालाप्रिल, रॅमिप्रिल). अशा गोळ्यांनी काहींना ढास लागते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. घरी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, तोंडात ज्येष्ठमधाची काडी, झोपताना चमचाभर मध. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी!

कफाच्या खोकल्यात छातीत घरघर होते आणि बेडका पडतो. तिथे कफ पातळ करून बाहेर काढायचा. दिवसभर थोडं थोडं कोमट पाणी प्या, वाफ घ्या, पण उकळतं भांडं पोरांपासून लांब ठेवा. सिरपवर 'अॅम्ब्रॉक्सॉल' किंवा 'ग्वायफेनेसिन' लिहिलेलं असेल तर ते कफ सुटायला असतं. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंच सिरप नको. कफ पिवळा झाला एवढ्यावरून लगेच अँटिबायोटिक मागू नका. साध्या सर्दीतही कफ पिवळा-हिरवा होतो.

त्या ताईंनी सिरप सोडलं, पण तिसरा आठवडा लागला तरी कफ थांबेना, संध्याकाळी बारीक ताप, ब्लाउज सैल झालेला. खोकला दोन आठवड्यांवर गेला की, कोरडा असो वा ओला, टीबीची तपासणी करायची. महापालिकेच्या दवाखान्यात ती फुकट होते. थुंकीचे दोन नमुने लागतात: एक तिथेच, दुसरा सकाळी उठल्याबरोबरचा. आधी पाण्याने चूळ भरा, खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका डबीत टाका. नुसती लाळ दिली तर तपासणीत आजार निसटू शकतो. ताईंचा पहिला नमुना लाळेचाच निघाला, परत द्यावा लागला. दुसऱ्यात टीबी सापडला. आता सहा महिन्यांच्या गोळ्या मोफत चालू आहेत, आणि निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात.

कफात रक्त दिसलं, धाप लागली, छातीत दुखलं किंवा श्वास घेताना बाळाच्या बरगड्या आत ओढल्या गेल्या, तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी राजावाडी, कूपर, जे जवळ असेल ते हॉस्पिटल गाठा.