घशातील गोळा : जो जेवताना नाहीसा होतो

आमच्या कान-नाक-घसा विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात वारंवार ऐकू येणारी एक तक्रार अशी असते : "डॉक्टर, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. गिळले तरी खाली जात नाही, खाकरले तरी वर येत नाही." कोणी त्याला गोळा म्हणतो, कोणी केस, तर कोणी सुपारीचे खांड. पुढे विचारले असता बहुतेकांकडून एक चमत्कारिक गोष्ट कळते. भाकरी, भात, पाणी सारे व्यवस्थित उतरते. किंबहुना जेवण चालू असेपर्यंत तो गोळा जाणवतच नाही. ताटावरून उठून थोडा वेळ गेला आणि नुसता आवंढा गिळला की तो पुन्हा हजर होतो.

ही तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या मनात बहुधा एकच भीती असते, ती कर्करोगाची. म्हणून या अहवालाच्या निमित्ताने या लक्षणाची उकल रुग्णांच्या नातेवाइकांपुढे आणि आमच्या हितचिंतकांपुढे मांडत आहोत.

नावाचा इतिहास

वैद्यकशास्त्रात या लक्षणास 'ग्लोबस' म्हणतात. या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी गोळा असा आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांनाही हे लक्षण ठाऊक होते. पुढे कित्येक शतके त्याचा संबंध स्त्रियांच्या उन्मादाशी जोडला गेला आणि 'ग्लोबस हिस्टेरिकस' हे नाव रूढ झाले. 1968 मध्ये माल्कमसन या शल्यचिकित्सकांनी, असे अनेक रुग्ण मुळीच उन्मादी प्रकृतीचे नसतात हे पाहून, 'ग्लोबस फॅरिंजियस' म्हणजे घशातील गोळा असे साधे नाव सुचविले. हा बदल केवळ शब्दाचा नव्हता. 'हे मनाचे खेळ आहेत' असे म्हणून रुग्णाला परत पाठविण्याऐवजी घशात नेमके काय घडते, हे पाहण्याची दिशा त्यातून मिळाली.

घशाच्या तळाशी असलेला पहारेकरी

मानेच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या थोडे खाली, बोटाला अंगठीसारखी एक कूर्चा लागते. तिच्या मागच्या बाजूने धनुष्याकृती स्नायूचा एक पट्टा जातो. त्याचे नाव क्रिकोफॅरिंजियस. घसा संपून अन्ननलिका सुरू होते त्या जागेवरची ही झडप होय.

आपल्या शरीरातील बहुतेक स्नायू विश्रांतीच्या वेळी सैल असतात. हा स्नायू मात्र जागेपणी सतत थोडा आवळलेलाच असतो. श्वास घेताना हवा पोटात जाऊ नये आणि जठरातील आंबट द्रव घशात येऊ नये, म्हणून त्याचा हा अखंड पहारा असतो. आपण घास गिळतो तेव्हा तो सैलावतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, दार जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद उघडते, घास खाली उतरतो आणि दार पुन्हा मिटते.

हा स्नायू गरजेपेक्षा अधिक आवळला गेला, तर तो आवळ आपल्याला 'आवळ' म्हणून कळत नाही. घशाच्या त्या भागातील संवेदना मेंदूला तेवढ्या बारकाईने उमगत नाहीत. मेंदू तिचा अर्थ 'येथे काहीतरी वस्तू आहे' असा लावतो. रुग्णाला भास होतो तो गोळ्याचा. प्रत्यक्षात तेथे असते ती घट्ट मिटलेली मूठ.

जेवताना आराम का पडतो?

घशात खरोखरीच गाठ असती, तर तिने जागा अडविली असती. मग घन पदार्थ गिळताना त्रास वाढला असता. प्रथम भाकरी अडली असती, नंतर मऊ भात आणि अखेरीस पाणी. ग्लोबसमध्ये याच्या नेमके उलट घडते. प्रत्येक घासागणिक तो स्नायू सैल होतो, घासामुळे घशाच्या भिंती एकमेकींपासून दूर होतात आणि काही काळ तो आवळ सुटतो. शिवाय तोंडात लाळ भरपूर सुटते, ती अन्ननलिकेतील आम्ल सौम्य करते आणि गिळण्याच्या लाटेबरोबर उरलेले आम्ल खाली ढकलले जाते.

नुसता आवंढा गिळताना यांतले फारसे काही घडत नाही. पुढे सरकविण्यास काही नसते, कोरड्या भिंती एकमेकींवर घासतात आणि स्नायू पुन्हा आवळतो. वाचकांना याची प्रचीती स्वतः घेता येईल. काही न खाता-पिता लागोपाठ पाच वेळा आवंढा गिळून पाहावा. चौथ्या-पाचव्या वेळी लाळ संपते, गिळणे जड जाते आणि निरोगी माणसालाही घशात काहीतरी असल्यासारखे वाटते. ग्लोबसचा रुग्ण अडकलेली वस्तू खाली जावी म्हणून दिवसभर हेच करीत असतो. अशा रीतीने उपाय म्हणून केलेली कृतीच त्रासाला खतपाणी घालते.

आम्लाचा वाटा

जठरातील आम्ल उलट वर येते, त्यास आपण बोलीभाषेत पित्त किंवा ॲसिडिटी म्हणतो. त्याचा या लक्षणाशी दोन प्रकारे संबंध येतो. पहिला प्रकार थेट आहे. आम्ल आणि त्यासोबतचे पेप्सिन हे पाचक द्रव्य थोड्या प्रमाणात घशापर्यंत पोहोचते. अशा द्रवाची घशाच्या नाजूक अस्तराला सवय नसते. ते चुरचुरते, किंचित सुजते, त्यावर चिकट कफ जमतो आणि रुग्ण सारखा खाकरू लागतो.

दुसरा प्रकार अप्रत्यक्ष आहे. आम्ल अन्ननलिकेच्या खालच्या भागातच राहिले, तरी तेथील मज्जातंतू वार्ता वर पोहोचवितात आणि पहारेकरी स्नायू सावध होऊन दार अधिक घट्ट लावून घेतो. त्यामुळे छातीत जळजळ मुळीच नसतानाही घशात आवळ जाणवू शकतो. मानसिक ताणाचाही याच स्नायूवर परिणाम होतो. दुःख आवरताना 'कंठ दाटून येतो' असे आपण म्हणतो, तो अनुभव बहुधा याच भागातला.

तथापि एक मर्यादा येथे सांगितली पाहिजे. काही रुग्णांमध्ये या स्नायूचा दाब मोजला असता तो वाढलेला आढळतो. अनेकांमध्ये मात्र तो सामान्यच असतो आणि घशाची संवेदनाच अधिक तीव्र झालेली असते. सर्वांना एकच कारण लागू पडत नाही.

एका रुग्णाची हकिगत

सेहेचाळीस वर्षांच्या एक बाई आमच्याकडे आल्या. त्या घरून पोळी-भाजीचे डबे पुरवीत. चार महिन्यांपासून घशात गोळा होता. रात्रीचे जेवण अकराला आणि लगेच अंथरूण, असा त्यांचा दिनक्रम. दिवसातून सहा-सात वेळा चहा. त्यांच्या नणंदेचे वर्षभरापूर्वी घशाच्या कर्करोगाने निधन झाले होते. ही गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली नाही, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" असे विचारल्यावर डोळे पुसत सांगितली.

प्रथम त्यांना आमच्यासमोर पाणी प्यायला आणि पोळीचा तुकडा खायला दिला. दोन्ही सहज उतरले. खाताना गोळा नव्हता. वजन कमी झालेले नव्हते, आवाज स्वच्छ होता, तंबाखू वा मिश्रीची सवय नव्हती. मान बोटांनी तपासली. थायरॉइडची वाढ नव्हती, गाठ नव्हती. त्यानंतर नाकात बधिर करणारे औषध फवारून, बारीक लवचीक दुर्बीण घशापर्यंत नेली. काही मिनिटांच्या या तपासणीस पूर्ण भूल लागत नाही. स्वरयंत्राच्या मागील बाजूस किंचित लाली होती. इतर काही नाही. ते चित्र पडद्यावर त्यांना स्वतःला दाखविले.

त्यांना सांगितले ते असे : रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी घ्यावे, पलंगाची उशाकडील बाजू पायांखाली विटा ठेवून सहा इंच उंच करावी, नुसत्या उशा वाढवू नयेत, कारण त्याने पोट दुमडते, चहा दोन वेळांवर आणावा, खाकरावेसे वाटले की पाण्याचा छोटा घोट घ्यावा, आणि दिवसातून काही वेळा ओठ मिटून, जबडा सैल सोडून जांभईची क्रिया करावी, म्हणजे घसा आतून मोकळा होतो. अधूनमधून छातीत जळजळही होत असल्यामुळे आम्ल कमी करणारी गोळी सकाळी न्याहारीपूर्वी अर्धा तास, आठ आठवड्यांपुरती दिली.

दोन महिन्यांनी गोळा बहुतेक दिवस जाणवत नव्हता. सणाच्या दिवसांत कामाचा बोजा वाढला तेव्हा तो पुन्हा आला. त्या वेळी मात्र त्या घाबरल्या नाहीत. आवंढे गिळत बसल्या नाहीत आणि तो आपोआप ओसरला.

औषधाची मर्यादा

आम्ल कमी करणारी गोळी सरसकट सर्वांना दिली जात नाही. ब्रिटनमध्ये घशाच्या जुनाट तक्रारी असलेल्या रुग्णांना सोळा आठवडे अशी गोळी देऊन पाहिली असता, औषध नसलेल्या गोळीपेक्षा तिचा अधिक लाभ झाला नाही, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून छातीत जळजळ वा आंबट ढेकर यांसारखी लक्षणे असतील तेथेच आम्ही ती ठरावीक मुदतीसाठी देतो आणि गुण न आल्यास थांबवितो. हा त्रास पुष्कळांना वर्षानुवर्षे मधूनमधून होत राहतो, हेही आम्ही आधीच सांगतो. मात्र त्याचे रूपांतर कर्करोगात होत नाही.

केव्हा विलंब करू नये

जेवताना आराम पडणे हे दिलासा देणारे चिन्ह आहे, परंतु ते तपासणीचा पर्याय नव्हे. घास अडकणे किंवा गिळताना दुखणे, वजन घटणे, तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसणे, मानेत गाठ लागणे, थुंकीतून रक्त जाणे, एकाच बाजूला दुखून कानात कळ येणे, यांपैकी काहीही असल्यास तो ग्लोबस समजू नये. तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी वा मद्य यांची सवय असणाऱ्यांनी तर घशातील कोणतीही नवी तक्रार दुर्बिणीने तपासून घेतल्याशिवाय सोडू नये. रुग्णासोबत येणाऱ्या नातेवाइकांस आमची विनंती आहे की, 'खाताना त्रास वाढतो की कमी होतो?' याचे उत्तर घरीच नीट पाहून यावे. तपासणीची पुढील दिशा बरीचशी त्या एका उत्तरावरून ठरते.