एकच बेरीज, दोन हिशेब

कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर एक बेरीज करून पाहा. घंटेच्या आकाराचा एक वक्र घ्यायचा. मध्यावर त्याची उंची १ आहे आणि दोन्ही बाजूंना तो सारखाच, झपाट्याने उतरत जातो. गाउसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वक्राचे सूत्र असे:

f(x) = e^(−πx²/4)

आता x च्या जागी पूर्णांक घालून उंच्या काढू. शून्यावर उंची १ येते. एकवर ०.४५५९३८१२८, दोनवर ०.०४३२१३९१८, तीनवर ०.०००८५१४३८, चारवर ०.०००००३४८७ आणि पाचवर ०.००००००००३. त्यापुढच्या उंच्या नऊ दशांशस्थळांत दिसतही नाहीत. डावीकडच्या ऋण पूर्णांकांवर याच उंच्या पुन्हा येतात, म्हणून शून्य सोडून बाकीच्यांची दुप्पट करायची आणि मधला १ मिळवायचा. एकूण बेरीज येते २.००००१३९५.

इतक्या वेड्यावाकड्या अपूर्णांकांची बेरीज दोनच्या इतकी जवळ का जावी? आणि जवळ गेलीच, तर नेमकी दोन का होऊ नये? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच नित्यसमानतेत आहे. फ्रेंच गणिती सिमेओं-दनी प्वासाँ (१७८१–१८४०) यांच्या नावाने ती ओळखली जाते:

Σ f(n) = Σ f̂(k)

इथे n आणि k हे दोन्ही सगळ्या पूर्णांकांवरून फिरतात, ऋण पूर्णांकही त्यात आले. डावीकडे आपण आत्ता केली ती बेरीज आहे. उजवीकडे f च्या डोक्यावर टोपी आहे. ते f चे फूरिये रूपांतर.

रूपांतर म्हणजे काय ते आधी पाहू. एका एकक लांबीत k वेळा वरखाली होणारी एक लाट घ्या. आपला वक्र आणि ही लाट यांच्या उंच्यांचा प्रत्येक बिंदूवर गुणाकार करा आणि त्या गुणाकाराच्या वक्राखालचे क्षेत्रफळ काढा. जे उत्तर येईल ते f̂(k). आपला वक्र मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखा असल्याने साधी कोसाइनची लाट, म्हणजे cos(2πkx), पुरते. वक्रात त्या लाटेचा अंश किती आहे, हे या आकड्यावरून कळते. k शून्य असेल तर लाट वरखाली होतच नाही, सगळीकडे तिची उंची १ असते. म्हणून f̂(0) म्हणजे वक्राखालचे नुसते क्षेत्रफळ.

घंटावक्राची खासियत अशी, की त्याचे रूपांतरही घंटावक्रच निघते. आपल्या उदाहरणात ते असे येते:

f̂(k) = 2e^(−4πk²)

आता उजवीकडची बेरीज करू. k = 0 ला २ मिळतात. k = 1 ला ०.०००००६९७४७ आणि k = −1 लाही तितकेच. k = 2 ची किंमत इतकी लहान आहे, की दशांशचिन्हानंतर एकवीस शून्ये सोडल्याशिवाय पहिला अंक दिसत नाही. बेरीज २.००००१३९५. डावीकडे घंटेच्या सहा वेगवेगळ्या उंच्या लागल्या होत्या, उजवीकडे दोन आकड्यांत काम झाले. दोनच्या जवळ जाण्याचे कारणही समजले: घंटेखालचे क्षेत्रफळच २ आहे. वरची चिल्लर पहिल्या लाटेची आहे.

हे घडते कसे, तेही फार अवघड नाही. परिघ १ असलेल्या बांगडीभोवती लांब दोरी गुंडाळावी तशी सगळी संख्यारेषा गुंडाळली आहे, असे समजा. ०, १, २, −१, −२ हे सगळे पूर्णांक एकाच बिंदूवर येऊन बसतात. ०.३, १.३, २.३ हे दुसऱ्या एका बिंदूवर. प्रत्येक बिंदूवर एकावर एक आलेल्या उंच्यांची बेरीज करा. ही f ची आवर्ती बेरीज. ती दर एककानंतर पुन्हा तीच येते, म्हणून ती एक स्थिर भाग आणि एककात पूर्ण १, २, ३... फेऱ्या मारणाऱ्या लाटा यांतून बांधता येते. त्यातली k क्रमांकाची लाट किती, हे काढायला गुंडाळलेल्या बेरजेला त्या लाटेने गुणून एका फेरीचे क्षेत्रफळ काढावे लागते. पण ही लाट प्रत्येक फेरीत हुबेहूब तशीच असते. त्यामुळे गुंडाळी उलगडून सरळ रेषेवर तोच हिशेब केला तरी फरक पडत नाही, आणि सरळ रेषेवरचा तो हिशेब म्हणजेच f̂(k). म्हणून आवर्ती बेरीज बांधणाऱ्या लाटांची मापे ही रूपांतराच्या पूर्णांकांवरच्या किमतीच असतात. शून्य बिंदूवर सगळ्या कोसाइन लाटांची उंची १ असते, म्हणून तिथे त्या किमतींची सरळ बेरीज होते.

यातून आणखी एक पडताळा मिळतो. पूर्णांकांऐवजी अर्ध्यावरचे बिंदू घेतले, म्हणजे ±०.५, ±१.५, ±२.५ आणि पुढे, तर पहिली लाट तिथे शिखरावर नसून तळाला असते. तिचे चिन्ह उलटते. तेव्हा नित्यसमानतेनुसार बेरीज २ वजा ०.००००१३९५, म्हणजे १.९९९९८६०५ यायला हवी. उंच्या घेऊन पाहा: ०.८२१७, ०.१७०८, ०.००७४ आणि पुढची किरकोळ भर, यांची दुप्पट. पुरेशी दशांशस्थळे घेतली तर उत्तर तेच येते. म्हणजे एकेका एककाच्या अंतरावर मांडलेल्या या घंटांची बेरीज हा जवळजवळ सपाट माळ आहे. त्यावर चढउतार आहे, पण लाखात दीड भागाहूनही कमी उंचीचा.

घंटा अरुंद केली की चित्र पालटते. e^(−4πx²) घेतले तर पूर्णांकांवर मधला १ सोडून जवळजवळ काहीच उरत नाही, आणि दोन घंटांच्या मधोमध बेरीज ०.०८६४ इतकी खाली जाते. डावीकडची बेरीज दोन आकड्यांत संपते: १.००००७ पेक्षा बरीच कमी, नेमकी १.०००००६९७. आता उजवीकडे रूपांतराची घंटा रुंद झालेली असते आणि सहा किमती मोजाव्या लागतात. अरुंद वक्राचे रूपांतर रुंद आणि रुंदाचे अरुंद, हा नियमच आहे. म्हणून एका बाजूची बेरीज लांबली की दुसऱ्या बाजूची आटोपशीर होते.

हे टोकाला नेऊन पाहा. e^(−πn²/100) ही बेरीज डावीकडून करायची तर दहा दशांशस्थळांसाठीही दोन्ही बाजूंना तीसेक बिंदूंपर्यंत जावे लागेल. उजवीकडे ती १० गुणिले (१ + 2e^(−100π) + ...) अशी होते. म्हणजे १०, मग दशांशचिन्हानंतर १३५ शून्ये, आणि त्यानंतर ७. साध्या कॅल्क्युलेटरवर ही बेरीज तंतोतंत १० दिसेल आणि तरीही ती तंतोतंत १० नाही. अशा ठिकाणी आकडा जुळला म्हणून समानता सिद्ध झाली असे मानणारा फसतो. याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की घंटेखालचे क्षेत्रफळ काढायला बारीक पट्ट्यांच्या उंच्यांची नुसती बेरीज आश्चर्य वाटावे इतकी अचूक ठरते. चूक किती, ते रूपांतराच्या शून्याव्यतिरिक्तच्या किमती सांगतात, आणि त्या घंटेच्या बाबतीत नगण्य असतात.

रुंद-अरुंद अशा सगळ्या घंटांसाठी एकत्र लिहिले तर ही समानता अशी होते: θ(t) म्हणजे e^(−πn²t) या पदांची सर्व पूर्णांकांवरची बेरीज धरली, तर

θ(1/t) = √t · θ(t)

बर्नहार्ड रीमान यांनी १८५९ सालच्या मूळ संख्यांवरील आपल्या निबंधात याच समानतेचा आधार घेऊन झीटा फलाची s आणि 1−s यांमधली सममिती दाखवली. तिथे त्यांनी श्रेय याकोबी यांना दिले आहे.

प्रत्यक्ष वापरात सर्वांत जास्त घोळ होतो तो 2π चा. पुष्कळ पुस्तकांत, विशेषतः अभियांत्रिकीच्या, रूपांतरातली लाट cos(2πkx) ऐवजी cos(ωx) अशी लिहितात. तसे केले तर आपल्या घंटेचे रूपांतर 2e^(−ω²/π) येते. ते बरोबरच आहे, पण त्याच्या किमती ω = 2πk वर घ्यायच्या असतात. सवयीने ω = ०, १, २ वर घेतल्या तर बेरीज ६.२८३२ येते. हा 2π च आहे, आणि तो योगायोगाने आलेला नाही. पूर्णांकांवर किमती घेतल्या म्हणजे आपण घंटा एकेका एककाच्या अंतरावर न मांडता 2π अंतरावर मांडल्या आणि बेरजेला 2π ने गुणले. इतक्या अंतरावर मधल्या घंटेची उंची १ तेवढी उरते, म्हणून उत्तर 2π. चूक कुठे झाली हे चुकीचा आकडाच सांगतो.

दुसरी अडचण उडी मारणाऱ्या फलांची. −१ ते १ या पट्ट्यात उंची १ आणि बाहेर ० असे फल घ्या. त्याचे रूपांतर k = 0 ला २ आहे आणि बाकी सर्व पूर्णांकांवर शून्य. उजवीकडची बेरीज २. डावीकडे मात्र टोकांचे बिंदू धरले तर ३ आणि वगळले तर १. समानता टिकवायची तर दोन्ही टोकांना प्रत्येकी अर्धी उंची द्यावी लागते, कारण उडीच्या जागी लाटांची बेरीज मधल्या उंचीवर जाऊन थांबते. घंटेबाबत असा प्रश्न येत नाही. ती आणि तिचे रूपांतर दोन्ही गुळगुळीत आहेत आणि दोन्ही झपाट्याने विरतात, म्हणून समानता तिथे बिनशर्त लागू होते.

म्हणूनच कोणत्याही पुस्तकातले किंवा स्वतः मांडलेले हे सूत्र वापरण्याआधी ते e^(−πx²/4) वर एकदा चालवून पाहावे. दोन्ही बाजूंनी २.००००१३९५ आले तर पुढे जा. नुसते २ आले तर पहिली लाट सुटली आहे, आणि ६.२८३२ आले तर 2π ची जागा चुकली आहे.