लंगडी टिकटिक

कोल्हापुरात मामाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. काचेची पेटी, एक टेबल, दोन स्टुलं, बस्स. दहावीनंतर मी तिथं बसायला लागलो, तेव्हा पहिले काही महिने मामानं मला एकाही घड्याळाच्या मशीनला हात लावू दिला नाही. रोज सकाळी दुकान झाडून झालं, की तो स्वतःच्या मनगटावरची एचएमटी जनता काढून द्यायचा. तिला पूर्ण किल्ली द्यायची, कानापासून बोटभर अंतरावर धरायची आणि पाच मिनिटं नुसतं ऐकायचं.

‘‘निरोगी घड्याळ कसं बोलतं, ते आधी डोक्यात बसू दे,’’ तो म्हणायचा. ‘‘मग आजारी घड्याळ आपोआप कळेल.’’

जनता हे हातानं किल्ली द्यायचं घड्याळ. ते तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळाचा काटा सेकंदाला एकदाच पुढं सरकतो, म्हणून त्याची टिकटिक मोजता येते. सेकंदाला पाच ठोके मोजायला गेलं की जीभ अडखळते. मामा भजनात तबला वाजवायचा. त्यानं मला झपतालाचे बोल दिले. ‘धी ना धी धी ना’ एवढं एका सेकंदात बसवायचं. आठवडाभरात माझा कान त्या लयीला सरावला.

पण लय म्हणजे अर्धीच गोष्ट. प्रत्येक टिक स्वतः कशी आहे, हे ओळखायचं, तर ती कशी जन्माला येते ते माहीत हवं. मामानं एक जुनं मशीन उघडून आयग्लासखाली ते दाखवलं.

घड्याळात एक गोल चाक सतत डावीकडं-उजवीकडं झोके घेत असतं. ते बॅलन्स व्हील. त्याला झोका देऊन परत आणते ती हेअरस्प्रिंग, केसाहून बारीक अशी गुंडाळलेली कमान. दुसऱ्या बाजूला मुख्य कमानीचं बळ दातेरी चाकांमधून येऊन शेवटच्या चाकापर्यंत पोचतं. या शेवटच्या चाकाला बहुतेक वेळा पंधरा दाते असतात. ते एस्केप व्हील. या दोघांच्या मध्ये पॅलेट नावाचा छोटा तुकडा बसलेला असतो. त्याच्या दोन हातांवर दोन लाल खडे असतात आणि तो एका वेळी एकच दात सुटू देतो. आपण जिला टिकटिक म्हणतो, तो या तिघांच्या भेटीचा आवाज.

एका टिकमध्ये खरं तर तीन आवाज असतात. झोका घेत आलेल्या बॅलन्सचा छोटा खडा पॅलेटच्या खाचेत शिरून आदळतो, तो पहिला. एस्केप व्हीलचा अडकलेला दात सुटतो आणि पॅलेटच्या खड्याला ढकलत बॅलन्सला नवा झोका देतो, तो दुसरा. मग समोरच्या खड्यावर दुसरा दात येऊन पडतो आणि चाक पुन्हा अडतं, तो तिसरा. हा तिसरा सगळ्यांत मोठा असतो. घड्याळ निरोगी असेल तर हे तिन्ही साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकतात, म्हणून कानाला एकच ठाम ‘टिक’ ऐकू येते.

इथंच कानाला पकडायला काहीतरी मिळतं. तेल वाळलं, धूळ साचली किंवा कमान थकली, की बॅलन्सचा झोका लहान होतो. झोका लहान झाला, की तो खाचेतून हळू जातो. झोका अर्ध्यावर आला तर तेच तीन आवाज जवळजवळ दुप्पट वेळात पसरतात. कान ते वेगवेगळे मोजू शकत नाही, पण टिकचा ठामपणा गेलाय, हे त्याला कळतं. आवाज मऊ होतो, घसरत आल्यासारखा वाटतो. मामा त्याला ‘घोगरं’ म्हणायचा.

वर्ष होत आलं होतं, तेव्हा एक निवृत्त गुरुजी वडिलांचं जुनं स्विस घड्याळ घेऊन आले. तेही हातानं किल्ली द्यायचं. आधी दुसरीकडं दुरुस्त करून घेतलं होतं, आणि तेव्हापासूनच तक्रार सुरू झाली होती. किल्ली पूर्ण दिली तरी ते आपणहून चालू व्हायचं नाही. हातात घेऊन हलवावं लागायचं. दिवसभर चालायचं आणि पहाटे कधीतरी थांबलेलं दिसायचं.

मामानं घड्याळ झटकून चालू केलं आणि माझ्या कानाशी धरलं. ‘‘सांग.’’

मी झपताल लावला. पाच ठोके सेकंदात बसत होते. पण काहीतरी खटकत होतं. एका सेकंदाला वाटायचं पहिला ठोका लांबलाय, पुढच्या सेकंदाला वाटायचं तोच आखूड आहे. मी गोंधळलो. मामा हसला नाही, फक्त म्हणाला, ‘‘पाच ही विषम संख्या आहे. दर सेकंदाला टिक टॉकच्या जागी जाते आणि टॉक टिकच्या. आता दोन-दोन मोज.’’

दोन-दोन मोजल्याबरोबर ते उघड झालं. टिक-टिक, थोडी जागा, टिक-टिक, थोडी जागा. एका पायानं अधू माणूस चालावा तसं. ‘‘लंगडतंय,’’ मी म्हणालो.

‘‘बरोबर. का, ते आता डोळ्यांनी बघू.’’

बॅलन्स स्थिर असताना त्याचा खडा बरोबर मधल्या रेषेवर हवा, म्हणजे डावीकडचा झोका आणि उजवीकडचा झोका सारख्याच वेळात होतात. तो खडा एका बाजूला सरकलेला असला तर एक झोका लवकर परततो आणि दुसरा उशिरा. शिवाय थांबलेला बॅलन्स अशा कलत्या जागी असतो, की मुख्य कमानीच्या बळानं तो आपणहून हलू शकत नाही. गुरुजींना घड्याळ झटकावं लागायचं, त्याचं कारण हेच.

मामानं आधी मुख्य कमानीतला सगळा पीळ सोडला. बळ संपल्यावर बॅलन्स फक्त हेअरस्प्रिंगच्या मर्जीनं स्थिरावला. आता पॅलेटचं शेपूट दोन बाजूंच्या दोन अडसरांच्या बरोबर मध्ये उभं राहायला हवं होतं. ते स्पष्टपणे डावीकडच्या अडसराजवळ होतं. हेअरस्प्रिंगचं आतलं टोक बॅलन्सच्या दांड्यावर एका छोट्या कड्यात बसवलेलं असतं, आणि हे कडं फक्त घट्ट बसलेलं असतं, फिरवता येतं. आधीच्या दुरुस्तीत ते परत बसवताना थोडं वळलेल्या जागी बसलं होतं. हल्लीच्या पुष्कळ मशीनमध्ये कमानीचं बाहेरचं टोक एका सरकत्या पट्टीवर असतं, त्यामुळं हे काम वरच्या वर होतं. या जुन्या मशीनमध्ये तशी सोय नव्हती. प्रत्येक वेळी बॅलन्स उचलून बाहेर काढायचा, कड्याच्या चिरेत पातळ पातं घालून ते किंचित फिरवायचं आणि परत बसवायचं. पातं घसरलं तर हेअरस्प्रिंगच्या वेटोळ्याला मुरड पडते, आणि मग ती सरळ करण्यात दिवस जातो.

‘‘कुठल्या बाजूला फिरवू?’’ मामानं मला विचारलं. मी पॅलेटकडं बघून उजवीकडं म्हणालो. त्यानं तसंच केलं, बॅलन्स बसवला, थोडी किल्ली दिली आणि ऐकायला दिलं. लंगडणं आणखी वाढलं होतं. बॅलन्स हातात उलटा धरला की डावं-उजवं बदलतं, हे मी विसरलो होतो. मामानं कडं मूळ जागी आणलं आणि तेवढंच दुसऱ्या बाजूला फिरवलं. या वेळी लंगडणं कमी झालं, पण संपलं नाही. तिसऱ्या खेपेला केसभरच फिरवलं आणि दोन-दोन मोजूनही मला जागा सापडेना. मामानं पीळ पूर्ण सोडला, मग किल्लीचे दोन-तीन वेढे दिले. घड्याळ टेबलावर पडल्या-पडल्या स्वतःहून चालू झालं.

मला वाटलं, झालं. मामानं घड्याळ तबकडी वर करून कानाशी धरलं, मग उभं केलं, किल्ली खाली, मग किल्ली वर. ‘‘आडवं आणि उभं, दोन्ही ऐक.’’

आडवं ठेवल्यावर आवाज बरा होता. उभं केल्यावर काही क्षणांत तो घोगरा झाला. आडव्या घड्याळात बॅलन्सचा दांडा फक्त टोकावर फिरतो, भोवऱ्यासारखा. उभ्या घड्याळात त्या टोकाची बाजू खड्याच्या भोकाला घासते. त्यामुळं उभं केल्यावर झोका थोडा कमी होणं हे निरोगी घड्याळातही होतं. पण इतका फरक पडला, तर तेल वाळलेलं असतं किंवा टोक झिजलेलं असतं. पहाटे घड्याळ का थांबायचं, याचं उरलेलं उत्तर इथं होतं. रात्रीत कमानीचं बळ उतरायचं, झोका आधीच आखूड, त्यात हे घर्षण.

मशीन पूर्ण खोललं. टोकं आयग्लासखाली गुळगुळीत आणि चकचकीत दिसली, म्हणजे झीज नव्हती. भोकांत मात्र तपकिरी चिकट थर होता. सगळे भाग धुतले, प्रत्येक भोक टोकदार काडीनं साफ केलं, तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब योग्य जागी दिला. हेअरस्प्रिंगला तेल लागू द्यायचं नाही, कारण तिची वेटोळी एकमेकांना चिकटली की घड्याळ बेफाम पुढं धावतं. जोडून झाल्यावर मी उभं-आडवं करून ऐकलं. दोन्हीकडं तोच ठाम ठोका, मामाच्या जनतेसारखा.

संध्याकाळी गुरुजी आले. घड्याळ कानाशी लावून त्यांनी विचारलं, ‘‘आता वेळ बरोबर दाखवेल ना?’’ मी मोठ्या विश्वासानं हो म्हणणार, तेवढ्यात मामा म्हणाला, ‘‘ते अजून माहीत नाही, गुरुजी. उद्या या.’’

ते गेल्यावर मी विचारलं, आवाज इतका चांगला असताना असं का म्हणालास. त्यानं उत्तर दिलं नाही. रात्री आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर आम्ही घड्याळ लावलं. दुसऱ्या रात्री त्याच ठोक्यांवर बघितलं, तर ते चाळीस सेकंद मागं होतं. मामानं पेन्सिल माझ्या हातात दिली. सेकंदाला पाच ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. चाळीस सेकंद म्हणजे त्यांतले २०० कमी. दर दोन हजारांहून जास्त ठोक्यांमागं एक.

‘‘हे कुणाच्या कानाला ऐकू येईल?’’ मामानं विचारलं. आज टायमिंग मशीनवर घड्याळ ठेवलं, की दिवसाचा फरक आणि लंगडणं दोन्ही आकड्यांत दिसतं. लंगडणं तर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत. त्या मशीनला एक मायक्रोफोन असतो आणि तेही तेच तीन आवाज ऐकत असतं. आमच्याकडं तेव्हा ते नव्हतं. वेळ सांगायला रेडिओ होता आणि तब्येत सांगायला कान.

मामानं बॅलन्सवरचा वेळेचा दांडा केसभर सरकवला आणि घड्याळ माझ्या कानाशी धरलं. मी दोन-दोन मोजले, पाच-पाच मोजले. मला काहीही फरक कळला नाही. आणखी एका रात्रीनंतर ते रेडिओच्या ठोक्यांशी जुळलं, तेव्हाच गुरुजींना निरोप गेला.