वारंवार बंद पडणाऱ्या स्विचची तक्रार

कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडणारा नेटवर्क स्विच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर पुरवठादाराचे पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘तुमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम असेल.’ हे उत्तर दरवेळी खोटे नसते. म्हणूनच वॉरंटीत बदली मागणाऱ्या पत्राचा खरा भार विनंतीवर नसून दोष स्विचच्या आतच आहे हे दाखवण्यावर असतो.

समजा, एका पतसंस्थेतला 24 पोर्टचा स्विच दिवसातून दोन-तीनदा बंद पडतो. तो किती वेळ सलग चालू आहे आणि मागच्या वेळी का बंद झाला, हे अनेक स्विचवर `show version` या आदेशाने कळते. कारण म्हणून तिथे `power-on` दिसले, तर वीज गेली असा अर्थ लगेच काढू नये. आतला पॉवर सप्लाय क्षणभर कोलमडला तरी नोंद तीच होते. त्याच यूपीएसवरचा राउटर 40 दिवस सलग चालू आणि स्विच मात्र तीन तासच, अशी दोन्हींची एकाच दिवशीची नोंद इथे उपयोगी पडते. मग स्विचची वायर आणि यूपीएसवरचे सॉकेट बदलून पाहावे. तरीही तो बंद पडला, तर संशयाला बाहेर फारशी जागा उरत नाही.

अडचण अशी की पुष्कळ स्विचमधल्या नोंदी बंद पडताच पुसल्या जातात. त्या दुसऱ्या संगणकावर साठवण्याची सोय आधीच करावी आणि स्विचचे घड्याळही बरोबर लावावे. वेळ चुकीची असेल तर नोंदींना पुरावा म्हणून किंमत राहत नाही.

पत्रात मॉडेल, सिरियल नंबर, बिलाचा क्रमांक व तारीख सुरुवातीलाच द्यावी. मुख्य मजकूर थोडक्यात असा:

‘सदर स्विच आपण एकदा दुरुस्त करून दिला होता. त्यानंतरही तोच दोष कायम आहे. त्याच यूपीएसवरील राउटर या काळात एकदाही बंद पडलेला नाही. वायर व सॉकेट बदलूनही फरक पडला नाही. नोंदी व जॉबशीट सोबत जोडली आहेत. तरी स्विच बदलून द्यावा व सात दिवसांत लेखी कळवावे.’

दुरुस्ती करायची की बदलून द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार अनेक वॉरंटींमध्ये कंपनीकडेच असतो. त्यामुळे आधीच्या दुरुस्तीचा उल्लेख महत्त्वाचा. बदलीची मागणी त्यावरच उभी राहते. वीज पडून किंवा जास्त दाबाने जळालेला स्विच सहसा वॉरंटीत बसत नाही, आणि झाकण उघडून सील तोडले तर वादाला निमित्त मिळते.

स्विच पाठवण्यापूर्वी त्यातले पासवर्ड पुसायला फॅक्टरी रीसेट करतात. त्याआधी सेटिंग आणि नोंदी दोन्हींची प्रत काढून ठेवावी, कारण रीसेटमध्ये सेटिंगबरोबर उरल्यासुरल्या नोंदीही जाऊ शकतात.