स्मार्ट मीटरचा आलेख आणि घराचा ताळेबंद

धाराशिव जिल्ह्यात इतर ठिकाणांप्रमाणेच महावितरणचे नवे मीटर बसू लागले आहेत आणि घरात कोणत्या तासाला किती वीज गेली, हे मोबाईलवर पाहता येते. १ जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैसे सवलत लागू झाली. पूर्वी कारखानदाराला रात्रीची वीज स्वस्त मिळे. आता दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, म्हणून उलटे घडले आहे. ही सवलत कितपत पदरात पडते, हे आलेखाचा स्क्रीनशॉट समोर ठेवून हिशेबाने पाहिले पाहिजे.

आलेखातील प्रत्येक उभी पट्टी म्हणजे त्या तासात खर्च झालेले युनिट. मात्र ‘७’ या आकड्यावरची पट्टी सहा ते सातची की सात ते आठची, हे आधी निश्चित करावे. एखाद्या दिवशी ११ वाजून ५ मिनिटांनी इस्त्री लावून पाऊण तासाने बंद करावी आणि उंच पट्टी कोणत्या आकड्यावर दिसते ते दुसऱ्या दिवशी पाहावे. तसेच एका दिवसावर निर्णय करू नये. वीज गेली की पट्टी शून्यावर येते आणि ती परतल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी भरू लागते, त्यामुळे पुढच्या तासाला खोटे शिखर उभे राहते. आठवडाभराचे आलेख शेजारी ठेवले की खरे शिखर ओळखू येते.

उदाहरणादाखल धाराशिव शहरातील सहा माणसांचे, महिना २५० युनिटांहून अधिक वापराचे घर धरू. पहाटे दोन ते चारच्या पट्ट्या ०.२ युनिटच्या आहेत. सर्व झोपलेले असताना फ्रिज आणि पंखे जे खातात, ते हेच. ही रक्कम प्रत्येक पट्टीतून प्रथम वजा करावी. सहा ते सातची पट्टी १.४ आणि सात ते आठची १.२ आहे. वजाबाकीनंतर उरलेले २.२ युनिट गिझरचे. आठ ते नऊमध्ये ०.९ दिसते, म्हणजे ०.७ युनिट बोअरच्या मोटारीचे. नऊ ते पाचच्या पट्ट्या जेमतेम ०.३ च्या आहेत.

सायंकाळ मात्र जैन घराची निराळी असते. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, स्वयंपाकघर शांत होते. तरीही सात ते आठला पट्टी १.१ पर्यंत चढलेली दिसते, आणि तीही दर तिसऱ्या दिवशीच. ती घरघंटी! पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची मानणाऱ्या घरात दळण वारंवार होणारच. दळण टाळता येत नाही. त्याची वेळ मात्र दुपारची करता येते.

आता हिशेब. मोटार नऊनंतर लावली तर महिन्याला २१ युनिट सवलतीच्या वेळेत येतात, दहा दळणांचे ७, कपडे धुण्याचे यंत्र आणि इस्त्री यांचे १५ धरले तर एकूण ४३ युनिट. ८० पैशांनी रुपये ३४.४०. याउलट दुपारी जो वापर आपोआपच होतो, त्या ७२ युनिटांवर रुपये ५७.६० काहीही न हलवता मिळतात. व्यापारी मनुष्याने हे आकडे पाहून निराश होणे साहजिक आहे, कारण केवळ वेळ बदलून लाभ इतकाच होतो.

मोठी रक्कम त्या सकाळच्या दोन पट्ट्यांत आहे. आंघोळ दुपारी ढकलता येत नाही, आणि आदल्या दुपारी तापवलेले पाणी पहाटेपर्यंत निवते. म्हणून तेथे वेळ नव्हे, युनिट कमी करावे लागतात. १०० युनिटांच्या पुढे दराचा टप्पा बदलतो आणि दर दुपटीहून अधिक होतो. या घराचा प्रत्येक वाचलेला युनिट त्याच महागड्या टप्प्यातून उतरतो. पट्ट्या दोन दिसतात, कारण दोन आंघोळींमध्ये अंतर पडते आणि गिझर पुन्हा पुन्हा तापतो. आंघोळी लागोपाठ उरकल्या, तापमानाची खूण खाली आणली आणि रोज ०.६ युनिट वाचले, तर महिन्याचे १८ युनिट होतात. युनिटला ९ रुपये इतकाच दर धरला तरी १६२ रुपये. सौर बंब असल्यास स्वच्छ उन्हाच्या दिवसांत त्या पट्ट्या जवळजवळ नाहीशा होतात.

खालच्या मजल्यावर दुकान असणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. दुकानाची जोडणी वाणिज्यिक वर्गात येते. तिचे तासवार दर घरगुती सवलतीप्रमाणे नसतात. तो आलेख वेगळा काढून त्याच बिलावरील दरांशी ताडावा.