बारा घरांचा हरिपाठ आणि तेरावा गुरुवार

मोशीच्या आमच्या सोसायटीत दर गुरुवारी संध्याकाळी हरिपाठ होतो. बारा घरे, प्रत्येकाची पाळी ठरलेली, यादी ग्रुपवर. सगळे सुरळीत चालले होते. मग एका गुरुवारी पाच नंबरच्या घरातल्या काकू सतरंजी घालता घालता म्हणाल्या, "आमच्याकडे हरिपाठ असला की पोरगा नेमका सेकंड शिफ्टला असतो. वर्षात एकदाही घरी नव्हता." आम्ही त्यांची समजूत काढली की योगायोग असेल. तो योगायोग नव्हता. चूक यादीतच होती.

आधी गुरुवारच का, ते सांगतो. पुणे परिसरात वीजकंपनी देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवते. त्यामुळे भोसरी-चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. इतर कंपन्यांना रविवारची सुटी. एकाच जिन्यात दोन्ही प्रकारची माणसे राहतात. रविवार धरला तर गुरुवारवाले कामावर, शिवाय सुटीवाले गावाला पळतात. म्हणून आम्ही गुरुवार धरला. दत्ताचा वार म्हणून ज्येष्ठ मंडळीही लगेच राजी झाली. मात्र रविवारची सुटी असलेल्यांना गुरुवारी शिफ्ट असते, आणि घोळ तिथेच होतो.

शिफ्ट आठवड्याला बदलते. पहिल्या आठवड्यात फर्स्ट, दुसऱ्यात सेकंड, तिसऱ्यात थर्ड, मग पुन्हा फर्स्ट. म्हणजे तीन आठवड्यांचा फेरा. यादी बारा घरांची, म्हणजे बारा आठवड्यांचा फेरा, आणि बाराला तीनने पूर्ण भाग जातो. पाच नंबरच्या घराची पाळी पाचव्या, सतराव्या, एकोणतिसाव्या आणि एक्केचाळिसाव्या आठवड्यात येते. काकूंच्या मुलाची या चारही आठवड्यांत सेकंडच. फर्स्टवाला दुपारी चार-साडेचारला घरी येतो, थर्डवाल्याची बस रात्री उशिरा असते. हे दोघे सात वाजता बसू शकतात. सेकंडवाला मात्र त्या वेळी लाइनवर उभा असतो.

उपाय सोपा निघाला. बारा घरांनंतरचा तेरावा गुरुवार कुणाच्याच घरी ठेवायचा नाही, तो सोसायटीच्या हॉलमध्ये. फेरा तेराचा झाला. आता पाच नंबरची पाळी पाचव्या, अठराव्या आणि एकतिसाव्या आठवड्यात येते, म्हणजे आधी सेकंड, मग थर्ड, मग फर्स्ट. तीन पाळ्यांपैकी दोनदा मुलगा घरी. कुठे शिफ्ट पंधरवड्याला बदलत असेल तर तिचा फेरा सहा आठवड्यांचा होतो. तिथेही बारा अडतो आणि तेरा चालतो. तेरा आठवड्यांत तिमाही संपते, त्यामुळे यादी वर्षात चारदाच लावावी लागते, हा वरचा नफा.

हे गणित एका गोष्टीने बिघडते, आणि ती म्हणजे यादी पुढे ढकलणे. कुणाकडे सुतक येते, कुणाच्या घरी रंगकाम निघते. मग "आमचे पुढच्या आठवड्यात घ्या" म्हटले जाते आणि खालच्या सगळ्यांच्या तारखा सरकतात. कुणी रजा टाकलेली असते, कुणी गावाहून आईला बोलावलेले असते. म्हणून नियम एकच केला. अडचण आली तर अदलाबदल करायची. एका घराशी बोला, तारखा बदलून घ्या आणि दोघांनी मिळून ग्रुपवर एकदाच कळवा. बाकीची यादी जागची हलत नाही.

ग्रुपवर जाणारा निरोप हा खरे तर या सगळ्याचा शेवटचा भाग, पण सर्वांत जास्त गोंधळ त्यानेच घातला. पूर्वी तो "॥ श्री ॥" ने सुरू व्हायचा, मग हात जोडलेली आठ चित्रे, मग दोन ओळी भक्तीच्या. घर नंबर तळाला. मोबाइलच्या वरच्या पट्टीत निरोपाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. लांब निरोप तर अर्ध्यावर दुमडला जातो. डोळ्याला मोतीबिंदू असलेल्या आजोबांना जो मजकूर हवा, तोच नेमका दडलेला. आता निरोप बुधवारी सकाळी जातो, आणि असा जातो:

*गुरुवार, ६ ऑगस्ट, सायं. ७ ते ८.१५. बी विंग, ७०४.* लिफ्ट चालू आहे. खुर्च्या ६ मांडल्या आहेत, आणखी लागल्यास आज रात्री ९ पर्यंत सांगा. प्रसाद: फुटाणे व खडीसाखर. टाळ आणणाऱ्यांनी पावणेसातला यावे. जय हरी.

दोन तारकाचिन्हांमुळे पहिली ओळ ठळक उमटते. निरोप सात दिवसांसाठी पिन करता येतो, म्हणजे सुप्रभाताच्या फुलांखाली तो बुडत नाही. लिफ्टचा उल्लेख काहींना फालतू वाटला होता. पण गुरुवारी वीज जाते, ती कधी संध्याकाळी उशिरा येते, आणि सातवा मजला गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसासाठी सातवाच राहतो. लिफ्टचा भरवसा नसेल तर तो गुरुवार हॉलमध्ये. प्रसादही निरोपातच ठरवून टाकला, कारण पहिल्या घरी चिवडा, तिसऱ्या घरी शिरा असे चढत चढत आठव्या घरी पुरी-भाजी झाली होती, आणि वन-आरकेत राहणारे एक कुटुंब पाळी आली की गावाला जाऊ लागले होते.

वेळेचे म्हणाल तर हरिपाठाचे सत्तावीस अभंग सावकाश म्हटले तरी पाऊण तासाच्या आत होतात. त्यावर एखादे भजन, आरती, पसायदान. सव्वाआठला उठले की मधुमेहाची गोळी जेवणाआधी घेणाऱ्यांची वेळ साधते आणि थर्डवाल्याला चार घास खाऊन बस गाठता येते. "थोडे आणखी गाऊ" म्हणणाऱ्यांनी जरूर गावे, पण पसायदान झाल्यावर.

खुर्च्यांवर मात्र आम्ही बरेच महिने चुकलो. खुर्ची मांडली तरी आजी बसायच्याच नाहीत. गुडघा धरून खाली टेकायच्या आणि उठताना दोघांनी धरावे लागायचे. संकोच असेल असे आम्हाला वाटले. एका आजींनी शेवटी सांगितले, "माउली खाली आणि मी वर? नको गं बाई." ज्ञानेश्वरी आणि विठोबाची तसबीर जमिनीवरच्या चौरंगावर असायची. आम्ही चौरंग उचलून टेबलावर ठेवला. त्याच गुरुवारी सहाच्या सहा खुर्च्या भरल्या.

मग जागा. भजनाला दोन रांगा समोरासमोर असतात. खुर्च्या मागे भिंतीला लावल्या की म्हातारी माणसे प्रेक्षक होतात, टाळ हातात असूनही ताल सुटतो. म्हणून खुर्च्या दोन्ही रांगांच्या दाराकडच्या टोकाला, म्हणजे मधेच उठून बाथरूमला जाता येते. खुर्चीला हात हवेत, कारण उठताना भार त्यांवरच पडतो. बैठक साधारण दीड फूट उंच. चारही पाय एक तर फरशीवर किंवा चारही सतरंजीवर. दोन इकडे, दोन तिकडे असले की गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते आणि खुर्चीही. घरातल्या दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये देव्हाऱ्याची आणि जाण्या-येण्याची जागा सोडली तर सहा खुर्च्या आणि खाली बारा-तेरा माणसे, याहून जास्त बसत नाहीत. त्यापुढची मंडळी पॅसेजमध्ये येतात आणि शेजाऱ्यांची दारे अडतात.

यंदा आमच्याकडे तेरावे कुटुंब आले. हॉलचा गुरुवार धरून फेरा चौदाचा झाला, तोही चालतो. पंधरा झाला की पुन्हा तोच घोळ होईल. तुमच्याकडे अशी यादी असेल तर हॉलचा दिवस धरून आकडा मोजा आणि त्याला तीनने भाग जातो का पाहा. जात असेल तर एक गुरुवार वाढवा.