गायक मधोमध का दिसत नाही?

स्टिरिओवर गाणं लावलं की गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधून यायला हवा. तो एका बाजूला सरकत असेल, तर दोष बहुधा मांडणीत असतो. मधोमध ध्वनिमुद्रित केलेला आवाज दोन्ही स्पीकरांतून सारखाच येतो. तो दोन्हीकडून एकाच वेळी पोचला, तरच कान त्याला मध्यभागी ठेवतो. एक स्पीकर फूटभर जवळ असेल, तर त्याचा आवाज सुमारे एक सहस्रांश सेकंद आधी पोचतो आणि गायक तिकडे ओढला जातो.

म्हणून मेजरिंग टेप घ्या. स्पीकर एकमेकांपासून सहा फुटांवर असतील, तर प्रत्येकापासून तुमच्या डोक्यापर्यंतचं अंतरही सहा फूट ठेवा. छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, कानाच्या उंचीवर हवा.

आता स्पीकर आतल्या बाजूला वळवा. थेट कानाकडे रोखले, तर हा कोन तीस अंशांचा होतो. त्याने गायकाची जागा सहसा नेमकी होते, बाजूच्या भिंतींवरून येणारा पडसादही कमी होतो. मात्र काही स्पीकर तेव्हा कर्कश वाटतात. तसं झालं तर दोन्ही सारखेच, थोडेथोडे बाहेर वळवा. फार वळवले, तर गायकाची जागा पसरट होते. त्याच्या अलीकडे थांबा.